गुळवेलीचा काढा आणि लिव्हर: ऑटोइम्यून आजार असलेल्यांनी घ्यावा का?

सांजवात
माझ्या आईला (वय ६१) हाशिमोटो थायरॉईड आहे, बारा वर्षं झाली. गेल्या वर्षी संधिवात निघाला, र्‍हुमॅटॉईडवाला. शेजारच्या काकूंनी त्यांच्या कुंपणावरची गुळवेल आणून दिली. आई रोज सकाळी बोटभर कांडं ठेचून, उकळून त्याचा काढा घेते. तीन आठवडे झाले. सांधे मोकळे वाटतात म्हणते. मी वाचलं की मुंबईत गुळवेलीनं लिव्हरला इजा झालेले पेशंट सापडलेत आणि त्यांत ऑटोइम्यून आजारवाले होते. माझं मत: काढा ताबडतोब बंद करावा. भावाचं मत: हा औषध कंपन्यांचा कांगावा. तुम्ही कुणाच्या बाजूनं?

जुनं_खोड
मी भावाच्या बाजूनं. वय ७२, तीन वर्षं रोज गुळवेल घेतोय. उपाशीपोटी साखर १८० असायची, आता १३०च्या आसपास असते. लिव्हरला काय धाड भरलीय? आमच्या लहानपणी कावीळ झाली की आजी गुळवेलीचाच रस पाजायची. जी वनस्पती कावीळ बरी करते तीच कावीळ आणते, हे ऐकायचं बाकी होतं. डायबेटिसवाल्यांनी बिनधास्त घ्यावी.

सांजवात
काका, आईला डायबेटिस नाहीये. प्रश्न ऑटोइम्यूनचा आहे.

काष्ठौषधी
बावीस वर्षं आयुर्वेदाची प्रॅक्टिस करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गुडूचीवर, म्हणजे गुळवेलीवर, विषारीपणाचा शिक्का मारण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: पेशंटनं जे उकळून प्यायलं ती गुळवेल होती का? तिची एक बहीण आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा. पान तसंच हृदयाच्या आकाराचं, वेलही तशीच झाडावर चढणारी. क्रिस्पाच्या खोडावर मात्र चामखिळीसारखे उठाव असतात आणि कापल्यावर दुधासारखा चीक येतो. आपल्या गुळवेलीचं खोड हिरवं असतं, वरची पातळ साल कागदासारखी सुटते आणि आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. चीक नाही. क्रिस्पानं लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी परदेशात आधीपासून आहेत. आयुष मंत्रालयानं जुलै २०२१ मध्ये हाच आक्षेप घेतला होता, की मुंबईच्या डॉक्टरांनी वनस्पतीची ओळख पक्की न करता निष्कर्ष काढला.

दुसरी गोष्ट मात्रेची आणि मुदतीची. कोविडच्या काळात मंत्रालयानं जो प्रोटोकॉल दिला त्यात गुडूची घन, म्हणजे आटवलेला अर्क, ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पंधरा दिवस ते एक महिना, एवढंच होतं. लोकांनी ते वर्षभर चालवलं, वर लवंग, दालचिनी, अश्वगंधा, मिळेल ते घातलं. अतिरेक करायचा आणि मग दोष वेलीला द्यायचा, हे बरोबर नाही.

आणि संधिवातात गुडूची आम्ही परंपरेनं वापरतोच. हजारो पेशंटांना दिली, काही झालं नाही. वातरक्तावरची कितीतरी औषधं तिच्यावर उभी आहेत. त्यामुळे ‘ऑटोइम्यून म्हणजे गुळवेल बंद’ हा सरसकट नियम मला पटत नाही.

पांढरा_कोट
सांजवात, आधी एक सांगा. संधिवातासाठी आई कोणती गोळी घेते? मेथोट्रेक्सेट आहे का?

वैद्यबुवांच्या पोस्टमधला ओळख पटवण्याचा भाग उत्तम आहे, जपून ठेवावा असा. पण त्यावरून ते जिथं पोचतात तिथं मी पोचत नाही. मी लिव्हरचे पेशंट बघतो, तेव्हा माझी बाजू.

मुंबईचे सहा पेशंट, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मधले. त्यांत काहींना आधीपासून थायरॉईडसारखे आजार होते. एक पेशंट दगावला. नुसते हे सहाच असते तर मीही म्हणालो असतो, थांबा, बघू. पण पुढं देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून ४३ पेशंटांची माहिती २०२२ मध्ये छापली. त्यांनी पेशंटांकडून गुळवेलीचे नमुने मिळवून प्रयोगशाळेत तपासले, म्हणजे ‘काय प्यायलं ते बघितलंच नाही’ हा आक्षेप त्या कामाला जसाच्या तसा लावता येत नाही. काढा सुरू केल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत मधला आकडा ४६ दिवसांचा. मधल्या निम्म्या पेशंटांचा २१ ते ९० दिवसांच्या दरम्यान. हे २१ लक्षात ठेवा, कारण तुमच्या आईचे तीन आठवडे झालेत.

आता मात्रेबद्दल. पॅरासिटामॉल जास्त घेतलं तर कुणाचंही लिव्हर बिघडतं. जितकं जास्त, तितकं वाईट. गुळवेलीचं चित्र तसं दिसत नाही. इथं लिव्हरवर हल्ला होतो तो स्वतःच्याच प्रतिकारशक्तीकडून. बायोप्सीत लिव्हरच्या पेशींच्या कडेला प्लाझ्मा पेशींची गर्दी दिसते, रक्तात एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी, पॉझिटिव्ह येतं, आयजीजी ही अँटिबॉडी वाढलेली असते. हुबेहूब ऑटोइम्यून हिपॅटायटिस. अशा प्रकारात मात्रा कमी ठेवली म्हणून कुणी वाचतोच असं नाही, आणि जास्त घेतली म्हणून प्रत्येकाला होतंच असंही नाही. म्हणून काकांचं तीन वर्षं काही न होणं आणि दुसऱ्या कुणाचं सात आठवड्यांत पिवळं पडणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

‘इम्युनिटी वाढवते’ म्हणून आपण जिचं कौतुक करतो, तिच्या खोडातल्या काही शर्करा प्रतिकारपेशींना खरंच चेतवतात, हे प्रयोगशाळेत दिसलंय. ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या सांध्यावर आणि थायरॉईडवर धावून जाते, त्याला ती आणखी चेतवायची आहे का? पेशंटच्या शरीरात नेमकं असंच घडतं याचा शेवटचा पुरावा नाही, पण संशयाला जागा भरपूर आहे.

शंकासुर
दोन्ही बाजूंना एकेक टोचणी.

पांढरा_कोट, ४३ हा आकडा कशाच्या वर ठेवायचा? त्या दोन वर्षांत काढा किती लोकांनी प्यायला हे कुणीच मोजलेलं नाही. कोटींत असतील. मग धोका लाखात एक की हजारात एक, हे तुम्ही सांगू शकत नाही. शिवाय त्याच काळात लोकांना कोविड होत होता, तापाच्या गोळ्या चालू होत्या, आणि ऑटोइम्यून हिपॅटायटिस गुळवेलीशिवायही होतोच. थायरॉईडवाल्या बायकांत तो तसाही जास्त आढळतो. म्हणजे ज्यांना तो होणारच होता त्यांच्या हातात त्या वर्षी काढ्याचा पेला होता, एवढंच नसेल कशावरून?

वैद्यबुवा, तुमच्याकडेही छेद नाहीये. ‘हजारो पेशंटांना दिली, काही झालं नाही’ यात ज्यांना झालं ते तुमच्याकडे परत आले का? कावीळ झाल्यावर माणूस हॉस्पिटलात जातो, वैद्याला कळवायला येत नाही.

पांढरा_कोट
छेद नाही, हे मान्य. म्हणूनच मी ‘गुळवेलीवर बंदी घाला’ म्हणत नाहीये. होणाऱ्याला होणारच होतं, हा मुद्दा मात्र कागदावर नाही, एकेका पेशंटवर तपासता येतो. काढा थांबवल्यावर काय झालं, स्टेरॉईड थांबवल्यावर काय झालं, आणि चुकून पुन्हा घेतला तर काय झालं. तिथं दोन्ही आजारांची वाट वेगळी होते.

रेवा_म
मग माझीच गोष्ट लिहिते. तेव्हा वय ४४. नऊ वर्षं थायरॉईडची गोळी, ७५ मायक्रोग्रॅम, बाकी काही नाही. ऑगस्ट २०२० मध्ये घरात सगळ्यांनी काढा सुरू केला. ओली गुळवेल, करंगळीएवढी जाड, वीतभर कांडं ठेचायचं, चार कप पाण्याचा एक कप करायचा. नवरा, सासूबाई, मी, तिघंही प्यायचो. त्या दोघांना काहीच झालं नाही.

सातव्या आठवड्यात जेवण नकोसं झालं. मला वाटलं पित्त. मग लघवी चहासारखी व्हायला लागली. डोळे पिवळे आहेत हे मला नाही, भाजीवालीला दिसलं. रिपोर्ट आला: बिलिरुबिन ११.४, लिव्हरची एन्झाइम्स एसजीपीटी ११८० आणि एसजीओटी १३४०, रक्त गोठण्याचा आयएनआर १.४. ॲडमिट केलं. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळे निगेटिव्ह. सोनोग्राफीत दगड नाही, काही नाही.

डॉक्टरांनी दोनदा विचारलं, ‘कोणती औषधं घेता?’ मी दोन्ही वेळा सांगितलं, थायरॉईडची. खोटं बोलले नाही हो, काढा हे औषध आहे असं मला वाटतच नव्हतं. तिसऱ्या दिवशी एक शिकाऊ मुलगी आली. तिनं वेगळं विचारलं: ‘सकाळी उठल्यापासून पोटात काय काय जातं ते सांगा.’ तेव्हा काढा बाहेर आला.

काढा बंद केला. आठवडाभर वाट पाहिली, तरी बिलिरुबिन १६ वर आणि आयएनआर १.६. मग बायोप्सी केली. एएनए १:१६०, आयजीजी २१००. रिपोर्टमध्ये प्लाझ्मा पेशी आणि इओसिनोफिल्स दोन्ही लिहिलं होतं, ‘औषधजन्य की ऑटोइम्यून, क्लिनिकशी पडताळून पाहावे’ असा शेवट. रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू केलं. तीन महिन्यांनी सगळं नॉर्मल. मग हळूहळू गोळी उतरवत आणली.

आता खरी गंमत. आठव्या महिन्यात मी ५ मिलिग्रॅमवर होते. दुसरी लाट. जाऊबाईंनी तापाच्या भीतीनं संशमनी वटी आणून दिली. डबीवर ‘गुळवेल’ असं कुठंही नव्हतं, म्हणून मी घेतली. नवव्या दिवशी मळमळ. एसजीपीटी ३२०. डबी घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली: गुडूची. वटी बंद. स्टेरॉईड वाढवलं नाही, आहे तेवढंच ठेवलं आणि दर आठवड्याला रक्त तपासलं. पाच आठवड्यांत ३२० वरून ३५.

पुढं स्टेरॉईडही पूर्ण थांबलं. तीन वर्षं झाली, लिव्हर नॉर्मल आहे. माझ्यापुरता प्रश्न सुटलाय.

काष्ठौषधी
ताई, तुम्ही बऱ्या झालात याचा आनंद आहे. पण शास्त्रीय शंका मांडू द्या. स्टेरॉईड ४० वरून ५ वर येताना ऑटोइम्यून हिपॅटायटिस पुन्हा उसळी मारतो, हे ॲलोपॅथीचंच म्हणणं आहे. वटी त्याच सुमाराला आली. मग दोष वटीचा की उतरत्या डोसाचा? आणि संशमनी वटी म्हणजे प्रामुख्यानं गुळवेलीचा घन. बनवणाऱ्यानं कच्चा माल कुठून घेतला, त्यात क्रिस्पाची भेसळ होती का, हे ना तुम्हाला ठाऊक ना मला.

पांढरा_कोट
हीच शंका काढायला हवी होती, आणि रेवाताईंच्या डॉक्टरांनी तिचं उत्तर शोधायची वाट बरोबर निवडली. उतरत्या डोसानं आजार उसळला असता, तर डोस वाढवल्याशिवाय तो बहुतेक वेळा बसत नाही. इथं डोस तसाच राहिला, फक्त वटी गेली, आणि एसजीपीटी नऊ पटींहून अधिक खाली आला. नंतर स्टेरॉईड पूर्ण थांबल्यावर तीन वर्षं शांत. खरा ऑटोइम्यून हिपॅटायटिस स्टेरॉईड थांबवल्यावर बहुतेकांत परत येतो, म्हणून त्यांना कित्येक वर्षं औषधावर राहावं लागतं. वनस्पतीनं किंवा औषधानं चेतवलेला प्रकार सहसा परत येत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन आणि मिनोसायक्लिन या दोन ॲलोपॅथीच्या औषधांनीही हाच प्रकार होतो, आणि त्यांच्याबाबत कुणी कांगावा म्हणत नाही.

आणखी एक बघा. पहिल्यांदा सात आठवडे लागले, दुसऱ्यांदा नऊ दिवस. शरीरानं ओळख ठेवली होती. म्हणून ‘थोडंसं घेऊन बघू, पुन्हा होतं का’ हा प्रयोग कुणीही मुद्दाम करू नये. दुसरा फटका लवकर बसतो, आणि तो ३२० वरच थांबेल याची हमी नाही.

फक्त एएनए पॉझिटिव्ह आहे एवढ्यावर मात्र मी निर्णय देत नाही. हाशिमोटोवाल्यांत ते तसंही बऱ्याचदा पॉझिटिव्ह असतं. रेवाताईंच्या बाबतीत पारडं झुकतं ते घटनांच्या क्रमामुळे.

भेसळीचं म्हणाल, तर समजा क्रिस्पाच होती. कुंपणावरून वेल तोडणाऱ्या आणि दुकानातून डबी आणणाऱ्या माणसाला त्यानं काय फरक पडतो? त्याच्या हातात ‘गुळवेल’ म्हणून जे येतं त्याचाच धोका त्याला आहे. पेशंट काही खोड आडवं कापून आरे मोजत नाही.

काष्ठौषधी
याला उत्तर नाही, एवढं कबूल. ओळख न पटवता वेल तोडून पिणं बंदच व्हायला हवं. आणि घरात कुणाला ऑटोइम्यून आजार असेल तर स्वतःच्या मनानं सुरू करू नये, इथपर्यंत मी येतो. पण वैद्याच्या देखरेखीखाली, ओळखलेली वनस्पती, मर्यादित दिवस, यालाही तुम्ही नाही म्हणणार असाल तर आपलं जमणार नाही. गुळवेल सत्त्वाचंच घ्या. ते जवळजवळ सगळं स्टार्चच असतं. काढा, घन आणि सत्त्व हे एकाच तागडीत कसे तोलता?

पांढरा_कोट
सत्त्वाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर असेल, माझ्याकडे त्यावर बोलण्याइतकं काही नाही. देखरेखीचा अर्थ मात्र आपण दोघांनी एकच लावायला हवा. नाडी बघणं म्हणजे देखरेख नाही. सुरू करण्याआधी एसजीपीटी-बिलिरुबिन, मग तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात पुन्हा. लिव्हर बिघडायला लागतं तेव्हा सुरुवातीला काहीही जाणवत नाही. डोळे पिवळे होईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. एसजीपीटी नॉर्मलच्या तिपटीपेक्षा जास्त आणि सोबत बिलिरुबिन दुपटीपेक्षा जास्त, अशी जोडी औषधामुळे झाली असेल तर अशा दहांतला साधारण एक जण दगावतो किंवा ट्रान्सप्लांटच्या वाटेला लागतो. तुमच्या ओपीडीत किती जण हे रक्त तपासून गुडूची देतात?

काष्ठौषधी
मी देतो. सगळे देत नाहीत, हे खरं.

शंकासुर
आणि असा पेशंट सापडला तर त्याची नोंद कुठं जाते? आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवायची सरकारी योजना आहे, दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था तिचं मुख्य केंद्र. वैद्यबुवा, बावीस वर्षांत तुम्ही एक तरी फॉर्म भरलाय का?

काष्ठौषधी
नाही. माझ्याकडे तसा पेशंट आला नाही.

शंकासुर
माझा आधीचा मुद्दा पुन्हा वाचा. :)

जुनं_खोड
एवढी पंडिती चर्चा! मला सरळ सांगा, मी बंद करू की नको? डायबेटिसही ऑटोइम्यूनच असतो म्हणे.

पांढरा_कोट
काका, लहानपणी होणारा, पहिल्या दिवसापासून इन्शुलिन लागणारा डायबेटिस ऑटोइम्यून असतो. तुमचा तो नसावा. तुमच्याबाबत मला वेगळीच दोन भयं आहेत. साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर गुळवेलीनं ती आणखी खाली जाऊ शकते, तेव्हा १३० आले यावर खुश होताना अधूनमधून घाम सुटतो का, हात थरथरतात का, तेही बघा. दुसरं म्हणजे लिव्हर ‘ठणठणीत’ हे कशावरून? त्या ४३ जणांत सगळ्यात जास्त आढळलं ते असं, की आधीपासून लिव्हरचा जुनाट आजार होता आणि काढ्यानंतर तो एकदम बिघडला. डायबेटिसवाल्यांत फॅटी लिव्हर सर्रास असतं आणि ते दुखत नाही, खुपत नाही. शेवटची लिव्हरची तपासणी कधी केली होती?

जुनं_खोड
२०१९ मध्ये, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी.

(आजी गुळवेलीचा रस पाजायची तेव्हा आमच्यातला कुणी दगावला नाही, हेही लिहून ठेवा.)

पांढरा_कोट
तेव्हाची बहुतेक कावीळ हिपॅटायटिस ए-ची असणार, पोरांची ती काहीही न देता उतरते. आजीला श्रेय द्यायला माझी हरकत नाही. रक्त मात्र तपासून घ्या.

रेवा_म
सांजवात, अजून एक. नुसता काढा बंद करून भागत नाही, मला विचारा. संशमनी वटी, अमृतारिष्ट, अमृता गुग्गुळ, कैशोर गुग्गुळ, या सगळ्यांत गुळवेल असते. आईला संधिवात आहे म्हणजे गुग्गुळाची एखादी डबी घरात असणारच. डबीवर गुडूची, अमृता, गिलोय, यांपैकी काहीही लिहिलेलं असू शकतं. ‘गुळवेल’ हा शब्द शोधत बसलात तर सापडणार नाही.

सांजवात
उशीर झाला, माफ करा. रेवाताई, कपाट उघडलं. कैशोर गुग्गुळ सापडला! दिवसाला चार गोळ्या, दीड महिन्यापासून. आईला विचारलं तर म्हणे, ‘ते औषध थोडंच आहे, काकूंनीच दिलं.’ म्हणजे माझे ‘तीन आठवडे’ चुकीचे होते.

पांढरा_कोट, हो, मेथोट्रेक्सेट चालू आहे, आठवड्यातून एकदा १५ मिलिग्रॅम, दहा महिने झाले. त्यासाठी दर दोन महिन्यांनी एसजीपीटी करतोच, म्हणून जुने आकडे आहेत: २२, २६, २४. आज नवा रिपोर्ट आला. ९६. बिलिरुबिन ०.८, आयएनआर नॉर्मल. आईला काहीच होत नाहीये, ती माझ्यावरच चिडलीय.

भाऊ रिपोर्ट बघून म्हणाला, ‘बघ, तुझ्या मेथोट्रेक्सेटनं केलं.’

पांढरा_कोट
जुने आकडे आहेत हे फार बरं झालं. नुसता ९६ हातात आला असता तर काहीच सांगता आलं नसतं. दहा महिने मेथोट्रेक्सेटवर पंचविशीत असलेला एसजीपीटी आत्ताच चौपट का झाला, हा प्रश्न भावाला विचारा. अर्थात मेथोट्रेक्सेटनं तो उशिराही वाढू शकतो, तेव्हा भाऊ अगदीच चुकीचा नाही. बिलिरुबिन आणि आयएनआर ठीक असल्यामुळे आज घाई नाही.

काढा आणि गुग्गुळ दोन्ही आजच थांबवा. मेथोट्रेक्सेटचं तुम्ही स्वतः ठरवू नका. त्यांच्या संधिवाताच्या डॉक्टरांना काढ्याचं सांगा, गुग्गुळाची डबी दाखवा आणि रिपोर्ट दाखवा. वनस्पती आणि मेथोट्रेक्सेट एकदम थांबवलं आणि आकडा उतरला, तर कशानं उतरला हे कळणार नाही, पण सुरक्षितता आधी की खुलासा आधी, हे त्यांना ठरवू द्या. दोन आठवड्यांनी पुन्हा एसजीपीटी. मधेच लघवी गडद झाली, अन्न नकोसं झालं, तर दोन आठवडे थांबू नका.

काष्ठौषधी
थांबवा, यावर माझंही एकमत. मात्र सांधे पुन्हा आखडले तर त्याचीही नोंद ठेवा. आईंना बरं वाटत होतं, ते कुणाच्या खात्यावर टाकायचं याचाही विचार व्हायला हवा.

सांजवात
डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी वनस्पती सगळ्या बंद केल्या आणि मेथोट्रेक्सेट चालूच ठेवलं, डोस १५ वरून १० वर. म्हणजे दोन्ही गोष्टी हलल्या. शंकासुर, तुम्हाला आवडणार नाही हे.

शंकासुर
अजिबात नाही आवडलं. पण तुमच्या आईच्या जागी माझी आई असती तर मीही हेच केलं असतं.

सांजवात
दोन आठवडे झाले. एसजीपीटी ५१. आईचे सांधे सकाळी अर्धा तास आखडतायत, आधी दहा मिनिटं आखडायचे. काकू बोलत नाहीयेत. भाऊ अजून मेथोट्रेक्सेटवरच अडून आहे. पुढची तपासणी महिन्यानं.